आयपीए या आंतरराष्ट्रीय उच्चारलिपीतला [r] कोणाचा?

"शब्दकोशात 'रेड'चा उच्चार /red/ असा दिलाय. म्हणजे [r] हे इंग्रजी र चंच चिन्ह ना?"

नाही. तिरप्या रेघांमध्ये कोशकार टंकायला सोपं अक्षर वापरतात, आणि घोळ तिथेच होतो. चौकोनी कंसातला [r] म्हणजे कंपित र: जीभ सैल धरायची, बाकी काम हवा करते आणि टोक हिरडीवर दोन-तीनदा फडफडतं. इंग्रजी 'रेड'मध्ये जीभ कुठे टेकतच नाही, म्हणून तिथे उलटा [ɹ].

स्पॅनिशमध्ये हा फरक अर्थच बदलतो. [ˈpeɾo] म्हणजे 'पण', [ˈpero] म्हणजे 'कुत्रा'. पहिल्यातला [ɾ] एकच ओझरता स्पर्श. आपल्या 'बरा'तला र साधारण असाच. ध्वनिमुद्रणाच्या आलेखात तो एका बारीक खंडासारखा दिसतो, कंपित र चे खंड ओळीने दिसतात. मात्र स्पेलिंगवर विसंबू नका. rosa (गुलाब) मध्ये एकच r लिहितात, पण शब्दाच्या सुरुवातीला असल्यामुळे तो कंपितच: [ˈrosa]. नवशिके हमखास इथेच [ɾ] लिहून मोकळे होतात.

आणि अमेरिकन 'वॉटर'च्या मधला ट? तोही बहुधा [ɾ]च, नाव काहीही असो.