कोटा फरशीचा सांधा आणि रोबोटचा झटका

काळ्या पट्टीवरून धावणारा रोबोट माझ्या भाच्याने शाळेच्या प्रयोगशाळेत, गुळगुळीत पांढऱ्या फ्लेक्सवर, अगदी झकास चालवून दाखवला होता. घरी आणला आणि बिघडला. घर इंदूरला रामबागेत, जुनं; खाली कोटा फरशी, सांधे बोटभर खोल आणि फरशा एकमेकींशी फारकत घेतलेल्या. ओसरीभर चिकटवलेल्या इलेक्ट्रिक टेपवरून रोबोट दीड हात सरळ जाई, मग एकदम मान झटकून पट्टीबाहेर.

"मामा, मोटर खराब आहे का रे?"

मोटर बरी होती. रोबोट आपली जागा कशी ओळखतो, तिथे घोळ होता.

पुढच्या बाजूला जमिनीपासून तीनेक मिलिमीटरवर आठ इन्फ्रारेड सेन्सर एका ओळीत असतात, दोन सेन्सरमध्ये सुमारे 9.5 मि.मी. अंतर. प्रत्येकाला आधी फरशी आणि टेप दाखवून शिकवतात: फरशी म्हणजे 0, टेप म्हणजे 1000. सेन्सरांचे क्रमांक 0, 1000, 2000 असे 7000 पर्यंत धरून, जो जितका काळा त्याला तितकं वजन देऊन सरासरी काढतात. पट्टी मध्यावर असली की उत्तर 3500 येतं. त्यापासूनचा फरक म्हणजे चूक.

सुधारणा तीन भागांची, प्रत्येकाचा एक गुणक. Kp आत्ताची चूक पाहतो, Ki साचलेली चूक, आणि Kd चूक किती झपाट्याने बदलते ते. ही विभागणी रोबोटवाल्यांची नव्हे. निकोलस मिनोर्स्कीने 1922 साली जहाजाच्या सुकाणूसाठी, कसलेला सुकाणूधारी काय करतो ते न्याहाळून, तिचं गणित मांडलं. समुद्राला मात्र सांधे नसतात.

आता आमचा झटका आकड्यांत पाहू. पट्टी मधल्या दोन सेन्सरांखाली, दोघांचं वाचन 900. टोकाचा 0 क्रमांकाचा सेन्सर मळ भरलेल्या सांध्यावर आला, तो 300 दाखवतो. सरासरी: 900 × 3000 अधिक 900 × 4000, भागिले 2100, म्हणजे 3000. पट्टी जागची हलली नाही, पण रोबोटला वाटतं आपण 500 ने चुकलो! आमचा Kp 0.04 होता, त्यातून जेमतेम 20 ची सुधारणा. Kd मात्र 0.6. वाचन आणि हिशेबाच्या एका फेरीत चूक 500 ने बदलली, म्हणून 300. मोटरला द्यायचा जास्तीत जास्त आकडाच 255! सांधा ओलांडला की तेवढाच झटका उलट दिशेने.

गंमत म्हणजे पट्टीला काटकोनात येणारा सांधा फारसा त्रास देत नाही, कारण दोन्ही टोकांचे सेन्सर एकदमच काळवंडतात आणि सरासरी मध्यावरच राहते. तिरका सांधा खरा खोडकर. तो एका टोकापासून दुसऱ्याकडे सरकत जातो आणि चूक आधी एकीकडे, मग दुसरीकडे ओढतो.

हे डोळ्यांना कळत नाही. फेरी 5 मिलिसेकंदांची, आणि संगणकावर आकडे छापत बसलं तर फेरीच मंदावते, मग Kd चा अर्थही बदलतो. म्हणून 200 चुका स्मृतीत साठवल्या, रोबोट थांबल्यावर छापल्या. तिरक्या सांध्याच्या जागी उंच सुळका स्पष्ट दिसला.

पहिला उपाय Kd ला जरा थोपवण्याचा:

```
e = pos - 3500;
d = 0.8*d + 0.2*(e - last);
u = Kp*e + Kd*d;
last = e;
```

आता 500 ची उडी पहिल्या फेरीत 300 ऐवजी 60 चाच धक्का देते. फुकट मात्र काही नाही: Kd उशिरा जागा होतो, त्यामुळे अरुंद वळणावर रोबोट डुलायला लागला आणि वेग थोडा उतरवावा लागला. जास्त उपयोगी पडला दुसरा उपाय. पट्टीपासून दूरचा सेन्सर काळा दिसला तर लगेच मानायचं नाही, तोच सलग पाच फेऱ्या काळा राहिला तरच मानायचं. सेकंदाला अर्ध्या मीटरच्या वेगात सहा मिलिमीटरचा सांधा, 45 अंशांत तिरका असला तरी, साधारण 17 मिलिसेकंदांत निघून जातो. खरं काटकोनी वळण मात्र बाराएक मिलिमीटर उशिरा ओळखू येतं.

राहिला Ki. ओसरीला मोरीकडे उतार आहे, हे आईने न मोजताच सांगितलं: "पाणी टाकून बघा, तिकडेच पळतं." उतारामुळे एका बाजूला सतत 8 ची ओढ असेल, तर नुसत्या Kp ने रोबोट 200 च्या चुकीवर, म्हणजे दोनेक मिलिमीटर बाजूला, स्थिरावतो. आम्ही Ki लावून पाहिला. उंच आलेल्या फरशीच्या काठाला चाक अडलं, तेवढ्यात चूक साचत गेली आणि चाक सुटताच रोबोट थेट तुळशीवृंदावनावर. साचणाऱ्या चुकीला मर्यादा घालता येते, पण दोन मिलिमीटरसाठी एवढा खटाटोप कशाला? Ki शून्य ठेवला.

उंच काठाचं दुखणं अजून तसंच आहे. तिथे सेन्सर वर उचलले जातात, परतणारा उजेड कमी होतो आणि सगळी फरशीच काळपट दिसते. भाचा आता कानस घेऊन त्या काठाशी बसलाय.