प्लास्टिकमध्ये बांधलेला कॉम्प्युटर

‘पावसाळ्यात कॉम्प्युटर वापरायचा नसेल तर प्लास्टिकच्या पिशवीत घट्ट बांधून ठेवावा, म्हणजे दमट हवा लागत नाही. खरं का?’

नाही. बांधताना आतली हवाही दमटच असते, आणि ती तिथेच कोंडते. रात्री गारवा वाढला की तिच्यातल्या बाष्पाचं पाणी होऊन ते पत्र्यावर, बोर्डावर बसतं. त्यात धूळ असेल तर आणखी वाईट, कारण धूळ ओल धरून ठेवते. कोकणातल्या बंद घरात जून ते सप्टेंबर असा ठेवलेला कॉम्प्युटर गणपतीत उघडला की रॅमच्या सोनेरी पट्ट्या काळपट झालेल्या दिसतात आणि मशीन नुसतं बीप करतं.

घरात कुणी असेल तर सुती कापडाने झाका, जमिनीपासून वर आणि बाहेरच्या भिंतीपासून हातभर दूर ठेवा. आठवड्यातून एकदा तासभर चालवा. आतली ऊब ओल घालवते. कापड मात्र मशीन पूर्ण गार झाल्यावरच घाला.

घर बंदच राहणार असेल, तर आधी कोरड्या ब्रशने धूळ काढा. मग रबरी कडेच्या हवाबंद डब्यात ओल शोषणाऱ्या सिलिका जेलच्या दाण्यांसकट ठेवा. निळे दाणे गुलाबी झाले की त्यांची ताकद संपली. लॅपटॉपची बॅटरी निम्मी चार्ज करून ठेवा.