साडेतीन चरणांचे माप आणि यंत्राची ओळ

यंत्राने रचलेली मराठी कविता ओळखायची तर लोक आधी शब्द पाहतात. मी आधी अक्षरे मोजतो. त्यासाठी अभंगाइतके सोयीचे माप दुसरे नाही, आणि ते फार जुने आहे. नामदेवांच्या नावावर असलेल्या एका अभंगातच 'सहा साडेतीन चरण जाणावे' असे सांगून ठेवले आहे: सहा-सहा अक्षरांचे तीन चरण आणि चौथा चार अक्षरांचा, म्हणून साडेतीन. यमक दुसऱ्या आणि तिसऱ्या चरणाचे. चौथा चरण मोकळा.

तुकोबांचा सर्वांच्या तोंडी असलेला अभंग घ्या. 'सुंदर ते ध्यान' ही सहा अक्षरे, 'उभे विटेवरी' सहा, 'कर कटावरी' सहा आणि 'ठेवोनिया' चार. इथे अक्षर म्हणजे उच्चाराचा एक तुकडा, म्हणून जोडाक्षर असले तरी 'ध्या' एकच. छापताना मात्र हे चार चरण बहुधा दोन ओळींत बसवतात. मग पहिली ओळ 'विटेवरी'वर संपते, दुसरी 'ठेवोनिया'वर, आणि यमकाचा 'कटावरी' ओळीच्या पोटात जातो. गाणाऱ्याला तो ऐकू येतो, ओळीचा शेवट पाहणाऱ्याला दिसत नाही.

यंत्र इथेच अडखळते, असे मला वाटते. हे यंत्र म्हणजे भाषेचे प्रारूप, आणि ते गात नाही. मजकूर त्याच्यापर्यंत सांकेतिक क्रमांकांच्या तुकड्यांतून पोचतो. संगणकात 'ध्या' हे एक अक्षर चार चिन्हांचे असते: ध, हलन्त, य आणि काना. त्यामुळे मोकळ्या जागा सोडल्या तर तुकोबांच्या सहा-सहा अक्षरांच्या तीन चरणांत अनुक्रमे बारा, दहा आणि आठ चिन्हे भरतात. चार अक्षरांच्या 'ठेवोनिया'तही आठच. म्हणजे कानाला जे सारखे आहे ते आत सारखे दिसत नाही, आणि जे वेगळे आहे ते सारखे दिसते. अक्षर मोजणे अशक्य आहे असे नव्हे, पण ते आपोआप होत नाही.

नमुन्यासाठी मीच त्या धाटणीचा एक तुकडा बनवला:

पंढरीची वाट
मनात भरली
भक्तीच्या सागरात
आशा उरली

पहिले दोन चरण सहा-सहा अक्षरांचे, झकास. तिसरा सात, चौथा पाच. यमक दुसऱ्या-तिसऱ्याचे हवे, ते पडले दुसऱ्या-चौथ्यावर, चारोळीसारखे. वाचताना गोड वाटते, पण टाळ घेऊन म्हणायला गेलात तर तिसऱ्या चरणाला एक अक्षर गिळावे लागते आणि चौथ्याला शेवट ताणावा लागतो.

तेवढ्यावर निकाल देऊ नये. जुन्या पोथ्यांतही अक्षरे कमीजास्त सापडतात. कीर्तनकार ती सुरात सामावून घेतात, आणि नकलाकारांचाही हात त्यात आहे. यमकाचेही तसेच. 'भरली-उरली' हे क्रियापदाच्या प्रत्ययावर टेकलेले यमक आहे, आणि मराठीत क्रियापद शेवटी येत असल्याने ते फुकटात मिळते. पण 'विटेवरी-कटावरी' हेही प्रत्ययावरच उभे आहे की! फरक प्रत्ययाच्या आधी काय आहे, यात आहे. तुकोबांच्या ओळीत वीट आहे आणि कंबर आहे. मूर्ती कशी उभी आहे ते दोन शब्दांत कळते. माझ्या तुकड्यात 'भक्तीचा सागर' आहे. वाटेवरचा चिखल, दिंडी, पायाला आलेला फोड, काहीच नाही. 'अमक्याचा तमका' अशी षष्ठीची जोडणी यंत्राला फार प्रिय: स्वप्नांचे पंख, आठवणींचा गाव, मनाचे आभाळ. यांतली एकही जोडणी चूक नाही. ओळीओळीला आल्या की मात्र संशय घ्यावा.

अर्थात हे सारे शुभेच्छापत्रांवर आणि भावगीतांच्या पडेल नकलांत माणसांनीही पुरेपूर लिहिले आहे. यंत्राने शिकले ते तिथूनच. उलट, हिशेबी रचनेचा हव्यास मराठीला नवा नाही: मोरोपंतांनी ओष्ठ्य वर्ण वगळून रामायण रचण्यासारखे खेळ अठराव्या शतकातच करून दाखवले. त्यांच्या कसरतीत मोजणी अचूक असे, हा मोठा फरक.

मुक्तछंदात तर माझी मोजपट्टी निकामी होते. १९३०च्या दशकात कवी अनिलांनी मुक्तछंद रुजवला, तेव्हापासून अक्षरसंख्येचा पहारा उठला, आणि तिथे तपासायला प्रतिमाच उरते. छंदातही यंत्राकडून चरण पुन्हापुन्हा मोजून घेतले, किंवा जाणत्या माणसाने 'सागरात'चे 'सागरी' केले, तर तिसऱ्या चरणाचे माप सहा होते आणि ती एक खूण पुसली जाते. यमक मात्र चुकीच्याच जागी राहते. नवख्या कवीचेही नेमके तिथेच चुकते, म्हणून अशा वेळी मी कवीला ओळ म्हणून दाखवायला सांगतो.