व्हर्जन जुळला नाही म्हणजे माल संपला असं नव्हे

साडीचा शिल्लक आकडा २४ असतो आणि गिऱ्हाइकाच्या मोबाइलवर ‘माल संपला’ असं झळकतं. दुकानदार फोन करून विचारतो, संगणकवाला म्हणतो, ‘आपण ऑप्टिमिस्टिक लॉकिंग केलंय, त्यामुळे ओव्हरसेल होणारच नाही.’ ओव्हरसेल होत नाही हे खरंच आहे. पण विक्रीही होत नाही, आणि त्याबद्दल कोणी बोलत नाही. इंदूरमधली कपड्यांची आणि नमकीनची कितीतरी दुकानं आता स्वतःच्या साइटवर विकतात, आणि हा घोटाळा दर धनत्रयोदशीला तसाच परत येतो.

एकाच मालावर एकदम ऑर्डरी आल्या तर सांभाळायच्या पद्धती दोन: ऑप्टिमिस्टिक आणि पेसिमिस्टिक. पेसिमिस्टिक पद्धत बहुतेकांना नीट माहीत असते, म्हणून ती थोडक्यात उरकतो. स्टॉकची ओळ वाचतानाच `SELECT ... FOR UPDATE` म्हणून ती ताब्यात घ्यायची, आकडा बघायचा, कमी करायचा, कमिट करायचं. कमिट किंवा रोलबॅक होईपर्यंत त्याच ओळीवर `FOR UPDATE` मागणारे आणि ती बदलू पाहणारे थांबून राहतात. नुसतं पान उघडून किंमत बघणाऱ्यांना मायएसक्यूएलच्या इनोडीबीत किंवा पोस्टग्रेसमध्ये काही अडत नाही. यातली अक्षम्य चूक एकच: लॉक धरून ठेवून गिऱ्हाइकाला यूपीआयच्या पानावर पाठवणं. पिन टाकायला एकेकाला २० सेकंद लागले तर दुसरा २० सेकंद थांबतो, तिसरा ४०, आणि चौथ्याच्या हाती `Lock wait timeout exceeded` येतं, कारण इनोडीबीची मुळातली मर्यादा ५० सेकंदांची आहे. लॉक माणसासाठी धरायचा नसतो. आधी माल राखून ठेवल्याची मुदतीसह नोंद करायची आणि कमिट करायचं. पेमेंट त्यानंतर.

ऑप्टिमिस्टिकमध्ये वाचताना काहीच अडवत नाही. ओळीत एक `version` आकडा असतो. तो वाचून ठेवायचा आणि लिहिताना विचारायचं की तो अजून तोच आहे का:

```sql
UPDATE stock
SET qty = 24, version = 113
WHERE item_id = 7 AND version = 112;
```

एक ओळ बदलली तर काम झालं. शून्य ओळी बदलल्या तर मधल्या काळात कोणीतरी त्या ओळीला हात लावलेला आहे.

सगळी गफलत या शून्यात आहे. मधे कोणीतरी ओळ बदलली, एवढंच तो सांगतो. किती माल उरला याबद्दल तो काहीही सांगत नाही. तरी मी बघतो त्या कोडमध्ये शून्य आलं की थेट ‘माल संपला’ची पाटी लावलेली असते.

एक प्रसंग आकड्यांनिशी बघू. राजवाड्याजवळच्या एका दुकानात माहेश्वरी साडीचा एक रंग आहे, २५ नग. जाहिरात पडली आणि ४० जणांनी एकाच क्षणी ‘ऑर्डर करा’ दाबलं. चाळिसांनीही वाचलं: `qty` २५, `version` ११२. लोकमान्यनगरातल्या काकूंचा अपडेट आधी पोचला. आता ओळीत २४ आणि ११३ आहे. उरलेल्या ३९ जणांचा अपडेट ११२ शोधतो, त्यांना तो सापडत नाही, सगळ्यांना शून्य. पाटी लावणारं कोड असेल तर एक साडी विकली गेली, २४ कपाटात राहिल्या आणि ३९ गिऱ्हाइकं खोटं उत्तर ऐकून परत गेली.

इथेच ‘ऑप्टिमिस्टिकमध्ये लॉक नसतो, म्हणून ते वेगवान’ हा दुसरा लाडका समजही तपासून घ्या. काकूंचा अपडेट कमिट होईपर्यंत ते ३९ अपडेट त्याच ओळीच्या लॉकपाशी उभे होते. डेटाबेस प्रत्येक `UPDATE`साठी ओळीवर लॉक घेतोच, कोडमध्ये `version` असो वा नसो. म्हणजे रांग इथेही लागलीच. फरक एवढाच की `FOR UPDATE`च्या रांगेत पाळी आली की ताजा आकडा हाती येतो, आणि इथे पाळी आली की आपला आकडा शिळा झाल्याचं कळतं.

बरं, मग पाटी न लावता पुन्हा प्रयत्न करू, असं समजदार माणूस म्हणेल. बरोबर आहे, व्हर्जनची पद्धत फेरप्रयत्नाशिवाय अपुरीच आहे. पण हिशोब करा. सगळ्यात वाईट स्थितीत, म्हणजे सगळे एकाच चालीने पुन्हा वाचत आणि पुन्हा लिहीत असतील तर, प्रत्येक फेरीत एकच जिंकतो. पहिल्या फेरीत ४० अपडेट, दुसऱ्या फेरीत ३९, असं करत पंचविसाव्या फेरीत १६. एकूण ७०० अपडेट, त्यातले ६७५ वाया, आणि विकल्या २५ साड्या. उरलेल्या १५ जणांना त्यानंतरच्या वाचनात `qty` शून्य दिसतो, आणि माल संपल्याचं खरं उत्तर तेव्हा कुठे मिळतं. प्रत्यक्षात गिऱ्हाइकं इतकी एका तालात चालत नाहीत, फेरप्रयत्नाआधी कमीजास्त वेळ थांबलं तर गर्दी आणखी विरळ होते. पण एकूण प्रयत्नांची मर्यादा तीनच ठेवली असेल तर या वाईट स्थितीत तीनच साड्या जातात. ‘तीनदा बघितलं, नाही जमलं’ हे उत्तरही ‘माल संपला’ नव्हेच.

याच ४० जणांना `FOR UPDATE`च्या रांगेत उभं करा. पेमेंट बाहेर ठेवलंय आणि एकेकाचं काम २० मिलिसेकंदांत उरकतंय असं धरलं, तर शेवटचा माणूस ७८० मिलिसेकंद थांबतो. पहिल्या २५ जणांना साडी, पुढच्या १५ जणांना खरं ‘संपलं’, फेरप्रयत्न एकही नाही. एच. टी. कुंग आणि जॉन रॉबिन्सन यांनी १९८१ साली ऑप्टिमिस्टिक पद्धत मांडली ती टक्कर क्वचित होईल या आशेवर. एकाच साडीवर ४० जण तुटून पडलेत तिथे ती आशाच लागू नाही, आणि तिथेच ती पद्धत ‘आधुनिक’ म्हणून लावली जाते याचा मला राग येतो.

फेरप्रयत्नात आणखी एक सापळा आहे, आणि तो मायएसक्यूएलवर काम करणाऱ्यांना हमखास गाठतो. इनोडीबीची मुळातली आयसोलेशन पातळी `REPEATABLE READ` आहे. त्यात पहिल्या साध्या वाचनाच्या वेळचं चित्र त्या ट्रान्झॅक्शनच्या शेवटापर्यंत टिकतं. म्हणून शून्य आल्यावर त्याच ट्रान्झॅक्शनमध्ये पुन्हा `SELECT` केलं तर पुन्हा ११२च दिसतो. `UPDATE` मात्र सगळ्यात ताज्या ओळीवर चालतो, तिथे ११३ किंवा पुढचा आकडा असतो, म्हणून पुन्हा शून्य. असे शंभर फेरे मारले तरी निकाल तोच. ओळखायची खूण सोपी आहे: लॉगमध्ये प्रत्येक फेरप्रयत्नाला वाचलेला `version` छापा. तो एकाच जागी अडकला असेल तर हाच आजार. फेरप्रयत्न म्हणजे रोलबॅक करून नवं ट्रान्झॅक्शन सुरू करणं. पोस्टग्रेसची मुळातली पातळी `READ COMMITTED` आहे, तिथे प्रत्येक विधानाला ताजं चित्र मिळतं, त्यामुळे तेच कोड तिथे बिनबोभाट चालतं आणि मायएसक्यूएलवर नेल्यावर बिघडतं.

आता माझं मत. साध्या वजाबाकीसाठी मी या दोन्ही पद्धती वापरत नाही. अट व्हर्जनवर न लावता मालावरच लावतो:

```sql
UPDATE stock
SET qty = qty - 1
WHERE item_id = 7 AND qty >= 1;
```

आधी वाचायचंच नाही, त्यामुळे शिळं होण्यासारखं हाती काही उरत नाही. ४० जण आले तर २५ जणांना एक ओळ, १५ जणांना शून्य, आणि इथला शून्य खरोखर ‘संपलं’ म्हणतो (त्या क्रमांकाची ओळ मुळात आहे असं धरून). यालाही लोक ऑप्टिमिस्टिक म्हणतात. म्हणोत, फक्त याच्या शून्याचा अर्थ व्हर्जनच्या शून्याला चिकटवू नका. ओळीवरचा लॉक इथेही कमिटपर्यंत राहतो, म्हणून ऑर्डरच्या ट्रान्झॅक्शनमध्ये हे विधान जितकं शेवटी ठेवता येईल तितकं बरं.

`FOR UPDATE` मी ठेवतो तो वाचून काही ठरवायचं असेल तिथे. साडी राजवाड्याच्या दुकानातून द्यायची की गोदामातून, की एकाच ऑर्डरच्या तीन साड्या दोन्हीकडून मिळून भरायच्या, हे आकडे बघितल्याशिवाय ठरत नाही आणि ठरेपर्यंत ते हलता कामा नयेत. अशा वेळी ओळी नेहमी एकाच क्रमाने, `item_id` आणि मग ठिकाण अशा चढत्या क्रमाने लॉक करायच्या, नाहीतर दोन ऑर्डरी एकमेकींची वाट बघत डेडलॉकमध्ये अडकतात.

व्हर्जनची खरी जागा दुकानाच्या मागच्या खोलीत आहे. दादा साडीची किंमत बदलायला फॉर्म उघडून जेवायला गेले आणि तेवढ्यात वहिनींनी तीच किंमत बदलली. दादांनी परत येऊन ‘सेव्ह’ दाबलं तर त्यांना अडवायलाच हवं, कारण त्यांनी वहिनींचा आकडा पाहिलेलाच नाही. टक्कर क्वचित, मधला वेळ मोठा, आणि निर्णय माणसाने घ्यायचा. मात्र हाच `version` आणि `qty` एका ओळीत ठेवू नका. नाहीतर वर्णनातला ऱ्हस्व-दीर्घ सुधारला म्हणून कुणाची तरी ऑर्डर फसते, आणि ऑर्डरी पडत असताना किंमतीचा फॉर्म सेव्हच होत नाही. स्टॉकचं टेबल वेगळं असावं.

चाचणी घेताना बहुतेक जण एकच गोष्ट तपासतात: सुरुवातीचा माल बरोबर विकलेला अधिक उरलेला. व्हर्जनवालं सदोष कोडही त्यात उत्तीर्ण होतं, १ अधिक २४ बरोबर २५. म्हणून ४० समांतर ऑर्डरी सोडल्यावर दुसरा आकडाही मोजा: ‘माल संपला’ हे उत्तर दिलं त्या क्षणी `qty` शून्यापेक्षा जास्त होता अशा किती ऑर्डरी निघाल्या. हा आकडा शून्य नसेल तर दिवाळीच्या आधी तो अपडेट बदला.