हरवलेल्या फोनमधली गुप्त किल्ली

फोन हरवला की आपण जुनं सिम बंद करतो, त्याच नंबरचं दुसरं घेतो आणि बँकेचे ओटीपी पुन्हा येऊ लागतात. लॉग-इनसाठी पासवर्डनंतर टाकायचे, सतत बदलणारे कोड दाखवणाऱ्या ऑथेंटिकेटर ॲपचं तसं होत नाही. नव्या फोनवर ॲप घेतलं तरी यादी रिकामीच दिसू शकते, कारण तिथले कोड नंबरवर येतच नसतात.

सुरुवातीला आपण जो क्यूआर कोड स्कॅन करतो, त्यात एक गुप्त किल्ली असते. तिची एक प्रत फोनमध्ये राहते, दुसरी सर्व्हरवर. पुढे दोन्हीकडे एकच गणित चालतं: १ जानेवारी १९७० पासून किती सेकंद झाले ते बघायचं, ३० ने भागायचं, आलेला पूर्णांक आणि किल्ली यांच्यावर प्रक्रिया करून सहा आकडे काढायचे. म्हणून इंटरनेट नसतानाही कोड दिसतो, आणि फोनचं घड्याळ चुकलं तर बरोबर दिसणारा कोडही नाकारला जातो. सर्व्हर ती किल्ली सहसा पुन्हा दाखवत नाही. त्यामुळे जुना फोन हातात नसेल, तर नवी किल्ली घ्यावी लागते आणि त्यासाठी आधी खात्यात शिरावं लागतं.

बॅकअप कोड इथे लागतात. ते घड्याळावर चालत नाहीत. आधीच बनवून ठेवलेले असतात आणि प्रत्येक एकदाच चालतो. गूगल एका वेळी आठ आकडी दहा कोड देतं.

समजा, गूगल खातं आहे आणि कोडचा कागद घरी आहे. संगणकावर पासवर्ड टाकायचा, मग `Try another way` निवडून कागदावरचा एक कोड द्यायचा. आत गेल्यावर `2-Step Verification` मध्ये ऑथेंटिकेटर बदलायचा पर्याय असतो. नवा क्यूआर कोड नव्या फोनने स्कॅन करून आलेले सहा आकडे भरले, की जुन्या फोनमधली किल्ली निकामी होते. तो फोन मात्र खात्यात लॉग-इनच असतो. उपकरणांच्या यादीतून त्याला वेगळं साइन आउट करावं लागतं. हे बरेच जण विसरतात. बाकीच्या प्रत्येक खात्यासाठी हाच उद्योग वेगळा करायचा.

२०२३ पासून गूगल ऑथेंटिकेटर किल्ल्या गूगल खात्यात साठवू शकतो. सोय चांगली आहे, पण त्याच खात्यात शिरायला ऑथेंटिकेटरचाच कोड लागत असेल आणि दुसरा मार्ग नसेल, तर कपाटाची किल्ली कपाटातच राहिली. बॅकअप कोडचा स्क्रीनशॉट फोनमध्ये ठेवणाऱ्यांचंही तेच. माझं मत विचाराल तर छापील कागद बरा, पासबुकांच्या फाइलमध्ये ठेवलेला. वापरलेल्या कोडवर काट मारावी. नवा संच काढला की जुना अख्खा रद्द होतो, तेव्हा तो कागद लगेच फाडावा. नाहीतर ऐन वेळी जुनाच हाती येतो आणि एकही कोड चालत नाही.