प्रगतिपथावरील भांडवली कामाचे आणि त्यावरील व्याजाच्या भांडवलीकरणाचे लेखापरीक्षण

बांधकाम चालू असलेल्या कारखान्यावर ताळेबंदाच्या तारखेपर्यंत झालेला, पण वापरायोग्य मालमत्तेत अजून न बदललेला खर्च ‘प्रगतिपथावरील भांडवली काम’ या शीर्षाखाली दाखवला जातो. हिशेबनिसांच्या बोलण्यात त्याला ‘सीडब्ल्यूआयपी’ म्हणतात. या कामासाठी काढलेल्या कर्जाचे व्याज त्या वर्षीच्या नफ्यातून वजा न करता काही अटींवर त्याच खर्चात मिळवता येते; यालाच व्याजाचे भांडवलीकरण म्हणतात, आणि लेखापरीक्षकाचे बहुतेक आक्षेप या मिळवणीवरच येतात. बिले, पावत्या आणि प्रत्यक्ष पाहणी यांवरून मूळ खर्च बराचसा सिद्ध होतो. व्याज मात्र तारखांवर अवलंबून असते, आणि त्या तारखा ठरवणारे कंपनीचे व्यवस्थापन नफा चांगला दिसण्यात हितसंबंध असलेले असते.

भारतात हा विषय लेखा मानक 16 मध्ये येतो, आणि इंड-एएस ही आंतरराष्ट्रीय धर्तीची मानके लागू असलेल्या कंपन्यांसाठी इंड-एएस 23 मध्ये. दोन्हींचा गाभा एकच आहे. मालमत्ता वापरायोग्य व्हायला बराच काळ लागत असला पाहिजे. लेखा मानक 16 नुसार हा काळ सर्वसाधारणपणे बारा महिने धरतात. खर्च होत आहे, व्याज लागत आहे आणि काम चालू आहे, या तिन्ही गोष्टी एकत्र आल्यावर भांडवलीकरण सुरू होते. काम दीर्घकाळ खंडित झाले तर ते थांबवावे लागते, आणि मालमत्ता वापरायोग्य करण्याची जवळजवळ सगळी कामे पुरी झाली की ते कायमचे संपते. खास त्या कामासाठी काढलेल्या कर्जातील पैसे मधल्या काळात ठेवीत गुंतवले असतील, तर त्या ठेवीचे उत्पन्न व्याजातून वजा करावे लागते.

सोलापूरजवळच्या चिंचोळी औद्योगिक वसाहतीत एक कंपनी टेरी टॉवेलचा कारखाना उभारत आहे, अशी कल्पना करू. मागशाळा आणि रंगाईसाठी प्रोसेस हाउस असे त्याचे दोन भाग आहेत. गणित सोपे राहावे म्हणून धरू, की 24 कोटी रुपयांचे मुदत कर्ज 10 टक्के व्याजाने 1 एप्रिल 2024 रोजी एकरकमी मिळाले, म्हणजे दरमहा 20 लाख रुपये व्याज. आयात मागांचे पैसे जूनअखेर द्यायचे होते, म्हणून त्यातले 6 कोटी तीन महिने 6 टक्क्यांच्या ठेवीत राहिले आणि त्यावर 9 लाख मिळाले. वर्षअखेर कंपनीने 2 कोटी 40 लाखांचे सगळे व्याज कामाच्या खर्चात टाकले आणि ठेवीचे 9 लाख ‘इतर उत्पन्न’ म्हणून दाखवले.

लेखापरीक्षकाचा पहिला प्रश्न काम कधी थांबले होते, हा असतो. या उदाहरणात बांधकाम कंत्राटदाराशी दरांवरून वाद झाला आणि 1 जुलै ते 30 नोव्हेंबर काम बंद राहिले. हे संचालक मंडळाच्या इतिवृत्तात येईलच असे नाही. पण मजुरांचे मस्टर, सिमेंटचे आवक-जावक रजिस्टर, मोजमाप पुस्तक आणि कंत्राटदाराची चालू बिले एकमेकांशेजारी ठेवली, की पाच महिन्यांची रिकामी जागा लगेच दिसते. बांधकामाच्या तात्पुरत्या वीजजोडणीचे महिन्याचे युनिट या काळात सुरक्षारक्षकाच्या दिव्यापुरते उरतात, आणि हे बिल कंपनीबाहेरून आलेले असल्याने पुरावा म्हणून जास्त वजनाचे ठरते.

‘पावसामुळे काम थांबले होते’ हे स्पष्टीकरण इथे हमखास ऐकू येते. सोलापूरच्या काळ्या मातीत सप्टेंबरच्या परतीच्या पावसात पायाचे खोदकाम दोन-तीन आठवडे खोळंबणे अपेक्षितच असते, आणि कामाच्या ओघातला असा आवश्यक विलंब भांडवलीकरण थांबवत नाही. मात्र अवर्षणग्रस्त जिल्ह्यात पाच महिने पाऊस आडवा आला असे कोणी सांगितले, तर पर्जन्यमानाची नोंद मागवावी. वादाच्या काळात आराखड्याचे किंवा परवान्यांचे भरीव तांत्रिक काम खरोखर चालू असेल, तर व्याज घेता येते. पण मग त्याचे कागद असायला हवेत. आपल्या उदाहरणात ते नाहीत, म्हणून या पाच महिन्यांचे 1 कोटी रुपये नफा-तोटा पत्रकात जातील.

दुसरा प्रश्न काम कधी संपले, हा अधिक नाजूक आहे. मागशाळा 1 जानेवारी 2025 रोजी तयार झाली, प्रोसेस हाउस मात्र मार्चअखेरही अपुरे होते. कंपनीचे म्हणणे असे, की रंगाईशिवाय टॉवेल विकता येत नाही, म्हणून पूर्ण कारखाना एकच मालमत्ता धरावी. ज्या कारखान्यात एकाच जागी एकापाठोपाठ एक प्रक्रिया व्हाव्याच लागतात, तिथे हा युक्तिवाद टिकतो. पण सोलापुरात कोरा टॉवेल बाहेरच्या प्रोसेस हाउसमध्ये मजुरीवर रंगवून घेणे ही रोजची रीत आहे, त्यामुळे मागशाळा एकटीही चालू शकते. ती चालली का, हे फाटकावरच्या रजिस्टरमधून कळते: सूत आत आले, बीम भरले गेले, आणि कोऱ्या मालाच्या गाठी डिलिव्हरी चलनावर रंगाईला बाहेर गेल्या. जानेवारीत उच्चदाब जोडणीच्या बिलातली कमाल मागणीही वाढलेली दिसेल. काही दिवसांची चाचणी आणि तीन महिन्यांचे नियमित उत्पादन यांतला फरक चलनांच्या संख्येवरून स्पष्ट होतो.

24 कोटींपैकी 15 कोटी मागशाळेचे आणि 9 कोटी प्रोसेस हाउसचे आहेत. म्हणून जानेवारी ते मार्च मागशाळेवरचे साडेसदतीस लाख नफा-तोटा पत्रकात जातील आणि प्रोसेस हाउसवरचे साडेबावीस लाख कामात राहतील. एप्रिल ते जूनच्या 60 लाखांतून ठेवीचे 9 लाख वजा होऊन 51 लाख उरतात, आणि डिसेंबरचे 20 लाख. एकूण भांडवली व्याज साडेत्र्याण्णव लाख. कंपनीच्या आकड्याशी फरक 1 कोटी साडेशेहेचाळीस लाखांचा आहे आणि नफा तेवढाच फुगला होता. त्याशिवाय मागशाळेवर जानेवारीपासूनचा घसारा लावलेला नाही, ते वेगळेच.

दुरुस्ती मान्य करताना व्यवस्थापन आयकराचा दाखला देते, पण तिथले नियम वेगळे आहेत. करपात्र उत्पन्न मोजण्याच्या आयकराच्या मानकांपैकी आयसीडीएस 9 मध्ये काम खंडित झाल्यावर भांडवलीकरण थांबवण्याची तरतूद नाही, ठेवीचे उत्पन्नही वजा होत नाही, आणि शेवटची तारीख मालमत्ता प्रथम वापरात आल्याची धरतात. त्यामुळे करगणनेत बंद काळातले 1 कोटी भांडवलीच राहतात आणि दोन हिशेबांतल्या फरकावर स्थगित कराची, म्हणजे पुढच्या वर्षांत कमी-जास्त होणाऱ्या कराची, नोंद करावी लागते. कराचा तक्ता पुस्तकांत तसाच उतरवणे ही लहान कंपन्यांतली फार जुनी सवय आहे.

कंपनी कायद्याच्या अनुसूची 3 मध्ये 24 मार्च 2021 रोजी झालेल्या दुरुस्तीनंतर या कामाचे वयही जाहीर करावे लागते: एका वर्षाहून कमी, एक ते दोन, दोन ते तीन आणि तीन वर्षांहून अधिक. त्यात चालू प्रकल्प आणि तात्पुरते स्थगित प्रकल्प वेगळे दाखवायचे असतात, आणि मुदत उलटलेल्या किंवा मूळ अंदाजापेक्षा महाग पडलेल्या कामाची अपेक्षित पूर्तताही. पुरवठादारांना दिलेल्या भांडवली आगाऊ रकमा या तक्त्यात येत नाहीत. वाद मार्चअखेरही चालू राहिला असता, तर याच कंपनीला हे काम ‘स्थगित’ रकान्यात टाकावे लागले असते. एका तक्त्यात स्थगित म्हटलेल्या कामावर दुसऱ्या टिपणात व्याज चढवलेले आढळले, तर त्या एका विसंगतीवरच लेखापरीक्षकाला स्पष्टीकरण मागता येते.