चार्जर चालतो, पण लॅपटॉप त्याला ओळखतो का?

कोपऱ्यातल्या बॅटरीच्या चित्रावर `Plugged in, not charging` असं दिसलं की बहुतेकांच्या तोंडून पहिलं वाक्य निघतं, "बॅटरी गेली वाटतं." त्या ओळीत मात्र बॅटरी गेल्याचं कुठेच म्हटलेलं नाही. वीज लॅपटॉपपर्यंत येते आहे आणि ती बॅटरीत जात नाही, एवढंच ती सांगते. बॅटरीला ती घेता येत नसेल, किंवा बॅटरी धडधाकट असून लॅपटॉपच ती देत नसेल. पडद्यावर दोन्हींचं चित्र सारखंच दिसतं, म्हणून चांगल्या बॅटऱ्या बदलल्या जातात आणि चार्जिंग तरीही होत नाही.

लॅपटॉप देत नाही याचं सगळ्यात निरुपद्रवी कारण आधी बाजूला काढूया. आकडा ६० किंवा ८० टक्क्यांच्या आसपास येऊनच थांबत असेल, तर बहुधा काहीच बिघडलेलं नाही. बॅटरी जास्त वर्षं टिकावी म्हणून कंपन्या चार्जिंगवर मर्यादा ठेवण्याची सोय देतात. लेनोवोच्या Vantage मध्ये तिला Conservation Mode म्हणतात, असूसच्या MyASUS मध्ये ती बॅटरीच्या विभागात असते, डेल आणि एचपीच्या बऱ्याच मॉडेलांत ती थेट बायोसमध्ये, म्हणजे विंडोज सुरू होण्याआधी उघडणाऱ्या सेटिंगमध्ये सापडते. घरात कुणीतरी कधीतरी ती चालू केलेली असते आणि मग सगळे विसरतात. ती बंद केली की चार्जिंग पुढे सरकतं. एक ध्यानात ठेवा, ही मर्यादा बऱ्याचदा लॅपटॉप बंद असतानाही लागू राहते. म्हणून "बंद करून चार्ज केला तरी ८० च्या पुढे जात नाही, म्हणजे बिघाड" हा तर्क इथे चालत नाही.

आकडा ३४, ४१, ५७ अशा कुठल्याही ठिकाणी अडकला असेल, तर मात्र खरा प्रश्न सुरू होतो: बॅटरी थकली आहे, की चार्जर ओळखला जात नाही?

जुन्या चार्जरचं काम सोपं होतं, दोन तारा आणि ठरावीक व्होल्टेज. डेल आणि एचपीच्या गोल पिनेत मात्र मधोमध एक बारीक सुई असते. डेलच्या चार्जरमध्ये वीज या सुईतून येत नाही, ती पिनेच्या आतल्या आणि बाहेरच्या धातूच्या नळीतून येते. सुईतून येते ती चार्जरची ओळख. चार्जरच्या पोटात एक छोटी चिप असते आणि ती या तारेवरून लॅपटॉपला सांगते की मी अमुक जातीचा, ६५ वॅटचा आहे. ही ओळख पटली नाही, तर समोरचा चार्जर किती भार पेलेल हे लॅपटॉपला कळत नाही. मग तो सावध होतो. स्वतः चालण्यापुरती वीज घेतो, बॅटरी चार्ज करणं थांबवतो आणि प्रोसेसरचा वेगही खाली ओढतो.

इथेच दुकानातला मल्टीमीटर फसवतो. पिनेवर त्याची टोकं टेकवली की १९.५ व्होल्ट दिसतात आणि चार्जर ठीक असल्याचा निर्वाळा मिळतो. पण व्होल्ट दाखवणारी जोडी शाबूत राहूनही ओळखीची बारीक तार तुटलेली असू शकते. ती बहुतेकदा पिनेच्या मानेपाशी तुटते, जिथे वायर रोज वाकते. बाहेरून रबर अखंड दिसतं.

गेल्या उन्हाळ्यात इंदूरला आमच्या रामबागेतल्या शेजारच्या काकूंनी हाक मारली. "अरे, जरा बघ ना बेटा, हिचा लॅपटॉप ४१ वरच अडकलाय. दुकानवाला म्हणतो बॅटरी बदला." मुलीची सीएची तयारी चालू, लॅपटॉप तीन वर्षांचा, गोल पिनेचा, मध्ये सुई असलेला. मी तिला पहिला प्रश्न विचारला, "चार्जर काढल्यावर काय होतं?" ती म्हणाली, "दादा, मग छान चालतो. लावला की एक्सेल उघडायलाही वेळ लागतो."

हे उत्तर फार मोलाचं होतं. थकलेल्या बॅटरीचा लॅपटॉप चार्जर काढल्यावर कोलमडतो. चाळीस टक्के दाखवता दाखवता पाच-सात मिनिटांत बंद पडतो, किंवा आकडा एकदम उडी मारून दहावर येतो. इथे नेमकं उलट घडत होतं. Task Manager उघडून Performance मध्ये CPU चा वेग पाहिला. चार्जर लावलेला असताना तो एक गिगाहर्ट्झच्या खाली चिकटून बसला होता, काढल्याबरोबर दोनच्या वर गेला. बॅटरीवर वेग वाढतो आणि चार्जरवर पडतो, ही न ओळखलेल्या चार्जरची सगळ्यात स्पष्ट खूण आहे.

तरी बॅटरीची बाजू तपासल्याशिवाय निकाल द्यायचा नाही, म्हणून कमांड प्रॉम्प्टमध्ये हे चालवलं:

```
powercfg /batteryreport
```

विंडोज एक अहवाल बनवतं आणि तो कुठे ठेवला तेही सांगतं. त्यात दोनच ओळी पाहायच्या. `DESIGN CAPACITY` म्हणजे नवी असताना बॅटरी किती साठवायची, आणि `FULL CHARGE CAPACITY` म्हणजे आता किती साठवते. तिच्या लॅपटॉपचे आकडे होते ४२,००० आणि ३५,७००, म्हणजे ८५ टक्के क्षमता शिल्लक. तीन वर्षांच्या बॅटरीला हे अगदी चांगलं. दुसरा आकडा पहिल्याच्या निम्म्यावर आला असता, तर बॅटरी बदलायचा विचार मीही केला असता. या अहवालाला एक मर्यादा आहे, हे आकडे बॅटरीतली चिप अंदाजाने देते. म्हणून चार्जर काढून प्रत्यक्ष किती वेळ चालतो, हेही सोबत पाहायचं. तिचा लॅपटॉप त्या ४१ टक्क्यांवर तासाभराहून जास्त चालला होता.

मग बायोस. लॅपटॉप सुरू होताना F2 दाबून बॅटरीचं पान उघडलं, तर चार्जरच्या ओळीत ६५ वॅट असं काही नव्हतं, अनोळखी अशी नोंद होती. काही लॅपटॉप सुरू होतानाच काळ्या पडद्यावर सांगतात की `AC power adapter wattage and type cannot be determined`. लोक ते न वाचताच पुढे जातात. ही ओळ दिसली तर बॅटरीचा विषय तूर्त बाजूला ठेवावा.

आता उरला चार्जर की पिन जिथे बसते ते लॅपटॉपचं पोर्ट, हा प्रश्न, कारण ओळखीची तार पुढे लॅपटॉपच्या आतही जाते. त्यासाठी अदलाबदल दोन्ही बाजूंनी करायची. वरच्या मजल्यावर त्याच कंपनीचा, तेवढ्याच वॅटचा चार्जर होता. तो तिच्या लॅपटॉपला लावताच आकडा ४२ झाला. मग तिचा चार्जर वरच्यांच्या लॅपटॉपला लावला, तर त्यांचंही चार्जिंग थांबलं. दोष चार्जरसोबत फिरला, म्हणजे चार्जर. तो लॅपटॉपपाशीच राहिला असता, म्हणजे चांगल्या चार्जरनेही तिचा लॅपटॉप चार्ज झाला नसता, तर पोर्टवर संशय घेतला असता. अनेक मॉडेलांत हे पोर्ट छोट्या वायरीसकट वेगळं निघतं आणि ते बदलणं मोठं काम नसतं. काहींत ते मदरबोर्डलाच झाळलेलं असतं. पिन हलवल्यावर चार्जिंग चालू-बंद होणं आणि पोर्टपाशी चटका बसावा इतकं गरम होणं, या पोर्ट सैल झाल्याच्या खुणा. सुई वाकडी दिसली, तर पोर्टमध्ये टॉर्च मारून पाहा. तुटलेला तुकडा आत राहिला असेल, तर नवा चार्जरही तिथेच अडेल.

ही अदलाबदल करताना एक सापळा आहे. डेल आणि एचपी दोघांचीही ४.५ मिलिमीटरची पिन दिसायला सारखी असते आणि एकमेकांच्या लॅपटॉपात बसतेही. पण दोघांची ओळख देण्याची पद्धत वेगळी. शेजाऱ्याचा दुसऱ्या कंपनीचा चार्जर लावून "यानेही चार्ज होत नाही, म्हणजे बॅटरीच गेली" असं ठरवलं, तर सगळा तपास चुकतो. यूएसबी-सीच्या लॅपटॉपात सुई नसते, पण बोलणी तिथेही होतात आणि चार्जर-लॅपटॉप मिळून व्होल्टेज ठरवतात. त्यामुळे मोबाइलचा लहान चार्जर लावला तर लॅपटॉप त्याला ओळखतो, पण तो पुरेसा नसल्यामुळे चार्ज होत नाही किंवा गोगलगायीसारखा होतो.

सॉफ्टवेअरचा उपाय म्हणून Device Manager मधली `Microsoft ACPI-Compliant Control Method Battery` ही नोंद काढून लॅपटॉप पुन्हा सुरू करायला सगळीकडे सांगतात. करायला हरकत नाही, विंडोज ती परत आणून ठेवतं. पण चार्जिंग चालवते ती लॅपटॉपमधली एक वेगळी कंट्रोलर चिप, विंडोज नव्हे. ही नोंद काढल्याने चुकीचा दिसणारा आकडा सुधारू शकतो, तुटलेली तार जुळत नाही. मला त्यापेक्षा त्या चिपलाच नव्याने सुरू करणं जास्त पटतं: लॅपटॉप बंद करायचा, चार्जर काढायचा, पॉवरचं बटण तीसेक सेकंद दाबून धरायचं आणि मग चार्जर लावायचा. चिप अडकली असेल तर एवढ्यानेच काम होतं.

इंदूरच्या मे महिन्यात आणखी एक गोष्ट तपासाआधीच वगळावी लागते. लिथियमची बॅटरी ४५ अंशांच्या वर गेली की चार्जिंग थांबवणं हे तिच्या सुरक्षेसाठीच असतं. बाहेर चाळीस अंश, वर गादीवर ठेवलेला लॅपटॉप, म्हणजे आतली बॅटरी सहज तिथे पोहोचते. तासभर बंद करून फरशीवर ठेवा. थंड झाल्यावर चार्जिंग सुरू झालं, तर काहीच विकत घ्यायचं नाही. टचपॅड वर उचललेला किंवा तळ फुगलेला दिसला, तर मात्र ती बॅटरी फुगलेली आहे. मग कुठलीच चाचणी करू नका. चार्जर काढा आणि लॅपटॉप दुरुस्तीला द्या.

काकूंच्या मुलीला नवा चार्जर घ्यायचा होता. मी सांगितलं, लॅपटॉप सोबत ने, दुकानातच चार्जर लावून बायोसमध्ये बघ, आणि ६५ वॅट असं लिहून आलं तरच पैसे दे. पहिला चार्जर स्वस्त होता, पिनही छान बसली, पण त्या ओळीत पुन्हा अनोळखीच दिसलं. दुसऱ्याला ६५ वॅट आलं. तो तिने घेतला.